पत्त्यानुसार लावलेली यादी

यादी हातात आली त्या दिवशी मी संस्थेच्या जिन्यात उभी राहून रडले होते. आनंदानं. इतकी वर्षं संशोधनात घालवलेल्या बाईला अजिबात शोभणार नाही असं ते रडणं होतं, नाक ओढत, बाहीला डोळे पुसत. काचेची भांडी धुणाऱ्या मावशी खालून वर येत होत्या, त्यांना वाटलं माझ्या घरी कोणीतरी गेलं. त्यांनी माझा दंड धरला आणि मी मानेनंच नाही म्हटलं.

काय मिळालं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला हवेत वाटेल. मी फुप्फुसातल्या गाठीच्या पेशींवर काम करते. करायचे. माणसाच्या पेशीत वीस हजारांच्या आसपास जनुकं असतात. गाठीच्या पेशीला जगायला त्यातली नेमकी कोणती लागतात हे एकेक जनुक बंद करून शोधायला बसलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून सगळी एकदम करायची, एकाच गर्दीत. प्रत्येक जनुकासाठी चार गाइड, म्हणजे चार वाटाडे. असे ऐंशी हजारांच्या घरातले वाटाडे विषाणूंमध्ये भरायचे आणि ते विषाणू पेशींवर सोडायचे, पण हात राखून, म्हणजे एका पेशीत शक्यतो एकच वाटाड्या शिरतो. ज्यांच्यात कोणीच शिरला नाही त्या पेशी औषधानं मारून टाकायच्या. उरलेल्यांत एक कात्री आधीच बसवलेली असते. वाटाड्या तिला आपल्या जनुकापाशी नेतो, कात्री तिथे डीएनए कापते, पेशी घाईघाईनं तो जोडायला जाते आणि जोडताना चुकते. जनुक बिघडतं. मग ही गर्दी काही आठवडे वाढू द्यायची आणि शेवटी सगळ्यांचा डीएनए काढून मोजायचं, की सुरुवातीला कोणता वाटाड्या किती होता आणि आता किती उरला. ज्यानं पेशीला लागणारं जनुक बिघडवलं त्याच्या पेशी मरतात किंवा मागे पडतात, आणि तो गर्दीतून गळतो. एका जनुकाचे चारही वाटाडे गळले, की ते जनुक जगायला लागतं असं म्हणायचं. हजेरी घेण्यातलाच प्रकार आहे.

पेशी मी वाढवल्या. हजेरी माझ्या नवऱ्यानं घेतली.

आम्ही दोघं एकाच संस्थेत. मी दुसऱ्या मजल्यावर, हातमोजे घालून. तो तळमजल्यावर कॉम्प्युटरवाल्यांच्या खोलीत, जिथे खिडकीला पडदे कायम ओढलेले असतात आणि सगळे एकमेकांशी शेजारी बसून चॅटवर बोलतात. आमच्या लग्नावरून संस्थेत एक विनोद होता, की ती मारते आणि तो मोजतो. आमचं जमायचं मात्र चांगलं. मी तापट आहे, पटकन बोलते आणि नंतर पस्तावते. तो कोणाला टोचेल असं कधीच बोलत नाही. सासूबाई आमच्याजवळच राहतात, त्या म्हणायच्या की लहानपणी शेजारच्या मुलानं याचा पतंग फाडला तर हाच त्याची समजूत काढायला गेला होता. मी त्यावर हसायचे.

यादी आली तेव्हा मी फार वाईट दिवसांतून नुकती उठले होते. आधीचं माझं काम दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं आमच्याआधी छापून टाकलं होतं. त्या धक्क्यानं मी महिनाभर घरी पडून होते, केसांना फणी लावत नव्हते. मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, स्पष्ट सांगितलं होतं की कायमची जागा हवी असेल तर हा शेवटचा डाव आहे. तो डाव म्हणजे हा प्रयोग. मी पेशींना जीव लावून वाढवलं. दर वेळी भांडं बदलताना प्रत्येक वाटाड्यामागे शेकडो पेशी राहतील एवढ्या पुढे घ्यायच्या असतात, नाहीतर एखादा वाटाड्या नुसताच सांडून जातो आणि आपल्याला वाटतं मेला. मी कधी हात आखडता घेतला नाही. इनक्युबेटरचं दार दुसऱ्या कोणाला उघडू देत नव्हते, त्यामुळे मला पाठीमागे 'जेलर' म्हणत असत.

आणि यादी आली. वरच्या टोकाला अपेक्षित मंडळी होती, प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची जनुकं वगैरे, जी कुठल्याही पेशीला लागतातच. ती गळलेली दिसली म्हणजे प्रयोग चालला. त्यांच्या पाठोपाठ एक अनोळखी जनुक होतं. चारही वाटाडे साफ. त्याचं खरं नाव चार इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा असं कोरडं आहे, मी त्याला 'सोनी' म्हणायला लागले आणि आठवड्याभरात सगळी प्रयोगशाळा म्हणायला लागली. सोनीची गंमत अशी, की इतर अवयवांच्या पेशींवर लोकांनी केलेल्या असल्याच प्रयोगांत ती कुठेच गळलेली नव्हती. तिच्यावाचून बाकीच्या पेशींचं काही अडत नव्हतं, फक्त आमच्या गाठीचं अडत होतं. औषध शोधणारी माणसं अशा जनुकासाठी जीव टाकतात. त्याला बंद करा, गाठ मरेल, बाकीचं शरीर राहील. मॅडमनी मला मिठी मारली. त्या मिठी मारणाऱ्यांतल्या नाहीत.

पुढची दोन वर्षं सोनीची.

पहिली परीक्षा ती सहज पास झाली. गर्दीतून बाहेर काढून सोनीचा एकेक वाटाड्या स्वतंत्रपणे पेशींत घातला, शेजारी तुलनेला कुठेच न कापणारा वाटाड्या घातलेल्या पेशी ठेवल्या. सोनीवाल्या मेल्या, दुसऱ्या मजेत राहिल्या. मी घरी येऊन उड्या मारल्या. दुसऱ्या परीक्षेत मात्र घोडं अडलं. पेशी सोनी गेल्यामुळेच मेल्या हे दाखवायचं, तर त्यांना सोनीची अशी प्रत बाहेरून द्यायची जी कात्रीला ओळखू येणार नाही. आतली सोनी तुटली तरी ही चालेल, आणि पेशी वाचतील. वाचल्या की सिद्ध झालं.

त्या वाचेनात. मी प्रत नव्यानं बांधली, तरी वाचेनात, पुन्हा बांधली. प्रथिन तयार होतंय का ते तपासलं, तर भरपूर तयार होत होतं, आणि त्या प्रथिनाच्या ढिगाऱ्यात बसून पेशी मरत होत्या. आता मागे वळून बघताना कोणीही शहाणा म्हणेल की बाई, मग तुझं जनुकच चुकीचं आहे. पण ज्याच्यावर आपला सगळा जीव टांगलेला असतो त्याच्यावर संशय घ्यायच्या आधी माणूस स्वतःवर घेतो. मी माझ्या हातांवर घेतला. माझ्या हाताला गुण नाही, असं मी म्हणायला लागले. आधी चेष्टेत, मग खरंच. हाताखालच्या मुलीला मी ते काम करायला सांगितलं, तिलाही जमलं नाही, तर मी तिच्यावर ओरडले की माझं बघून शिकलीस म्हणून तुझाही हात बिघडला. ती बिचारी प्रयोगशाळा सोडून गेली.

संध्याकाळी घरी मी टेबलावर हात पसरून बसायचे. नवरा समोर बसायचा, माझे हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा की तुझ्या हातांत काहीही दोष नाही. सासूबाई आतून विचारायच्या, "झालं का गं तुझं?" मी म्हणायचे, अजून नाही, आई. त्या म्हणायच्या होईल, आणि वाढायला घ्यायच्या.

मग कायमच्या जागेसाठी निवड समितीची तारीख ठरली. मॅडम म्हणाल्या की ती प्रत देण्याची भानगड काम चालू आहे म्हणून सांगू, बाकी सगळं भक्कम आहे. त्याआधी पेशींची गुणसूत्रं एकदा तपासून घे, कारण समितीत एक खवट म्हातारा आहे, तो पेशी खरंच त्याच आहेत ना असं हटकून विचारतो. म्हणून मी पेशी घेऊन रंगारणीकडे गेले. गुणसूत्रांवर चमकणारे रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे तिचं काम, म्हणून तिला रंगारीण म्हणतात. तोंडाची फटकळ, पण काम चोख.

दोन दिवसांनी तिनं मला बोलावलं आणि खुर्चीवरून उठून जागा दिली. मी डोळा लावला. हिरवा ठिपका म्हणजे एक गुणसूत्र, लाल म्हणजे त्यावरचा एक तुकडा. हिरवे ठिपके होते तीन-चार, ते ठीक, गाठीच्या पेशींत असतंच थोडं कमीजास्त. पण लाल ठिपक्यांचा एका जागी पुंजका होता. मोजता येत नव्हते, वीस असतील, तीस असतील. रंगारीण म्हणाली की त्या गुणसूत्राचा तो तुकडा तुझ्या पेशींनी झेरॉक्स काढल्यासारखा वाढवून ठेवलाय, आणि तुला हे माहीत नव्हतं का? मी विचारलं, कुठला तुकडा? तिनं सांगितला.

सोनी त्या तुकड्यात राहते.

मी माझ्या खोलीत परत आले. मला काहीतरी कळलं होतं पण अजून ते शब्दांत आलं नव्हतं. मी नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी दिलेली मोजणी उघडली. ही मोजणी आम्ही सगळे नेहमी गळतीच्या क्रमानं लावून बघतो, सगळ्यात जास्त गळलेलं वर. जगात सगळे तशीच बघतात, कारण सगळ्यांना पहिला नंबर कोणाचा ते हवं असतं. मी पहिल्यांदाच ती पत्त्यानुसार लावली. म्हणजे कोणतं जनुक कोणत्या गुणसूत्रावर, कोणाच्या शेजारी राहतं त्या क्रमानं.

अख्खी गल्ली मेलेली होती. सोनीच्या डावीकडची जनुकं, उजवीकडची जनुकं, सगळ्यांचे वाटाडे कमी झालेले. सोनी सगळ्यात जास्त गळली होती एवढंच, म्हणून मुंडकं तिचंच वर दिसत होतं. त्या गल्लीत वास ओळखण्यासाठी नाकात लागणारं एक जनुक होतं आणि शुक्राणूच्या शेपटीचं एक. फुप्फुसातल्या गाठीला शुक्राणूची शेपटी कशाला लागते? आमच्या पेशींत ही जनुकं उघडलेलीच नव्हती, बंद दुकानं होती ती. तरी त्यांना कापल्यावर पेशी मेल्या होत्या. कारण जनुकाशी कशाचाच संबंध नव्हता. तुकड्याच्या तीस प्रती असतील तर कात्री तीस ठिकाणी कापते. एका पेशीच्या डीएनएला एकदम तीस जखमा. ती थांबणार नाहीतर मरणार, कापलेलं जनुक कोणाचंही असो. मग मी बाहेरून सोनीच्या कितीही प्रती दिल्या तरी काय होणार होतं? पेशी घावांनी मरत होत्या. आणि माझ्या पहिल्या परीक्षेत तुलनेला काय ठेवलं होतं, तर कुठेच न कापणारा वाटाड्या. त्याच्या पेशी मजेत राहतील नाहीतर काय.

इतर अवयवांच्या पेशींत तो तुकडा वाढलेला नव्हता, म्हणून तिथे सोनी गळली नव्हती. तिचं वेगळेपण म्हणजे एवढंच.

खरं सांगते, त्या क्षणी मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. माझ्या हातांत काही बिघाड नव्हता. दोन वर्षं पाण्यात गेली हे त्यानंतर कळलं, आणि जागा जाणार हे त्याच्याही नंतर. मी लॅपटॉप उचलला आणि तडक घरी गेले, कारण नवरा त्या दिवशी घरून काम करत होता आणि मला त्याला दाखवायचं होतं. रस्त्यात मी मनातल्या मनात त्याची समजूत काढत होते. त्याला वाटेल की मोजणी आपली होती, आपल्या नजरेतून सुटलं, तो मनाला लावून घेईल. मी ठरवलं, अजिबात ओरडायचं नाही.

तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला होता. मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला, उघडला, पत्त्यानुसार लावलेली मोजणी दाखवली आणि धाप लागलेली असतानाच सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की तो स्क्रीनकडे बघतच नाहीये. त्यानं एकदाही बघितलं नाही. माझ्याकडे बघत होता, दवाखान्यात रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसा.

"बस आधी," तो म्हणाला.

मी बसले नाही. मी विचारलं, तुला माहीत होतं?

त्यानं होय म्हटलं. खोटं बोलला नाही, तेवढं त्याच्या नावावर मांडलं पाहिजे. मग त्यानं सगळं सांगितलं, त्याच्या त्या हळू आवाजात. गाठीच्या पेशींत काही तुकड्यांच्या प्रती वाढलेल्या असतात आणि तिथे कापणं नुसतंच घातक ठरतं, हे मोजणीवाल्यांना ठाऊक असतं. त्याची दुरुस्ती करण्याची पद्धत आहे. या पेशींच्या प्रतींची माहिती कोणीतरी पूर्वीच प्रसिद्ध केलेली होती. त्यानं पहिल्याच आठवड्यात दुरुस्ती करून बघितली, आणि सोनी यादीच्या वरच्या टोकावरून खाली कुठल्या कुठे गेली. पण त्याच्या आदल्या दिवशीच तो मला कच्ची यादी देऊन बसला होता. मी जिन्यात रडले होते, मॅडमकडे धावले होते, घरी येऊन केस धुतले होते.

"किती दिवसांनी तू हसलीस," तो म्हणाला. "मला वाटलं, एक-दोन दिवस जाऊ देत. मग वाटलं, पुढच्या परीक्षेत ते आपोआप पडेल. मी सांगायची वेळ येणार नाही."

पडेल कसं, कात्री तीच होती. तिनं दुसऱ्यांदाही तेवढ्याच ठिकाणी कापलं. तेही त्याला नंतर कळलं होतं, आणि मग रोज सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. मी विचारलं, मी इथे बसून माझ्या हातांना शिव्या घालत होते तेव्हा? तो म्हणाला की मी तुला सांगत होतोच ना, तुझ्या हातांत दोष नाही. हे तो खरंच म्हणाला. त्याच्या दृष्टीनं तो खरं बोललाच होता.

मग मला एक गोष्ट सुचली. मोजणी दुरुस्त केल्यावर सोनी खाली गेली, तर वर कोणीतरी आलं असेल. मी विचारलं, कोण आलं होतं वर?

त्यानं नाव सांगितलं.

ते नाव मला पाठ होतं. या दोन वर्षांतच एका परक्या प्रयोगशाळेनं तेच जनुक असल्याच पेशींत शोधून छापलं होतं, न कापता नुसतं झोपवण्याच्या पद्धतीनंही पडताळलं होतं, प्रत बाहेरून दिल्यावर पेशी वाचल्याही होत्या. जेवताना मीच त्याला कौतुकानं सांगितलं होतं की बघ, लोकांना कशी खरी जनुकं सापडतात. तेव्हा तो पाणी आणायला उठला होता. माझ्याच पेशींतून, माझ्याच भांड्यांतून निघालेलं ते खरं जनुक दोन वर्षं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि तो मला घरी आल्यावर चहा करून देत होता.

मी ओरडले नाही. ओरडायला अंगात बळ लागतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. त्यांनी आधी चष्मा काढला, मग दार लावून घेतलं. समितीला एवढ्या खोलात कशाला न्यायचं, असं त्यांचं मत पडलं. आधी जागा पदरात पाडून घे, मग निवांतपणे सोनीचं काय करायचं ते बघू. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांना मी हवी होते. पण सोनी पुढे औषध शोधणाऱ्या रसायनवाल्यांकडे जाणार होती. तिथे आणखी कोणीतरी दोन-तीन वर्षं तिच्यामागे लागून शेवटी आपल्या हातांना दोष देत बसलं असतं. जे मला वाढलं गेलं ते दुसऱ्याच्या ताटात मी वाढणार नव्हते. मी मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझी मर्जी," आणि चष्मा परत घातला.

समितीसमोर मी एकच चित्र दाखवलं, पत्त्यानुसार लावलेलं. अख्खी मेलेली गल्ली. मी म्हटलं की हे जनुक खोटं आहे, पेशी कापण्यानं मेल्या, आणि आता माझ्याकडे दाखवायला काही नाही. खवट म्हातारा पुढे झुकून बघत होता. त्यानं विचारलं की ही दुरुस्ती तर मोजणीच्या वेळीच व्हायला हवी होती, मोजणी कोणी केली?

नवरा तिथेच होता. संस्थेची सगळी मोजणी त्याच्याकडे असल्यामुळे असल्या बैठकांना त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसावं लागतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याला बोलायला मी पुरेसा वेळ दिला. खोलीतला एसी घरघरत होता.

"दुरुस्ती झाली होती," मी म्हटलं. "मला दाखवली गेली नाही."

मग सगळे त्याच्याकडे वळले आणि त्याला उठावं लागलं. त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला की ती फार खचली होती, यादी बघून तिला खूप आनंद झाला, माझ्याच्यानं तो मोडवेना. तो नाटक करत नव्हता. मला वाटलं आता याची खैर नाही. मी समितीच्या चेहऱ्यांकडे बघितलं, तर ते चेहरे मऊ झाले होते. दोघे-तिघे खाली बघून हसले, कौतुकानं हसतात तसे. खवट म्हातारासुद्धा म्हणाला की असं करायला नको होतं, पण समजू शकतो. कोणीतरी म्हणालं, ही घरची बाब आहे, इथे नको.

जागा दुसऱ्याला मिळाली. माझा करार वर्षअखेरीला संपला की संपला. त्याला एक समज दिली गेली, तोंडी, कारण त्याच्याइतकी मोजणी जाणणारा माणूस संस्थेत दुसरा नाही. बाहेर व्हरांड्यात समितीतल्या एक बाई माझ्याजवळ आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की तुम्ही खचून जाऊ नका, इतकं जपणारं माणूस सगळ्यांना मिळत नाही. मी जिन्याकडे वळले. बोलले असते तर ते त्यांना पेललं नसतं.

आम्ही एकाच रस्त्यानं घरी आलो, कारण घर एकच होतं. तो दोन पावलं मागे चालत होता. दार सासूबाईंनी उघडलं. आमचे चेहरे बघून त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि तो चपला काढता काढता म्हणाला, "सगळं ठीक झालं, आई." मी तिथेच थांबले. एवढं होऊनही त्याच्या तोंडातून पहिलं वाक्य हे निघालं. मी म्हटलं, "काही ठीक झालं नाही, आई. माझी जागा गेली. ते जनुक खोटं निघालं."

सासूबाईंनी मला आत आणून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. माझ्या केसांवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. त्या वाईट नाहीत, त्यांनी मला कधी दुखवलं नाही. मला रडू येतंय असं त्यांना वाटलं असावं.

"नको गं इतकं मनाला लावून घेऊस," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या हे व्हायचंच होतं. तो तर मला तेव्हाच म्हणाला होता, तिचं ते काही खरं नाही, पण तू तिला काही बोलू नकोस. मीसुद्धा जीभ आवरूनच रोज विचारायचे."

मी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी या टेबलापाशी बसून सोनीबद्दल बोलत होते. पेशी वाचतील, उद्या वाचतील, असं सांगत होते. ती दोघं एकमेकांकडे न बघता ऐकून घेत होती, आणि घरात ते माहीत नसलेली मी एकटीच होते.